‘काका म्हणू की सर?’

रात्री पावणेबारा वाजता माझ्या भाचीच्या फोनवर हा प्रश्न आला. ती पुण्यात नोकरीला, माझ्याकडेच राहते. माहेर, म्हणजे माझ्या बहिणीचं घर, कोल्हापूरला. प्रश्न विचारणारा नागपूरचा, तिच्याच ऑफिसात काम करणारा, दोन वर्षांपासूनचा. रविवारी तो पहिल्यांदा तिच्या आई-पप्पांना भेटायला जाणार होता. ती शनिवारीच पुढे जाणार आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने येणार, असं ठरलेलं. त्याआधी त्याने तिचे पप्पा काय काय विचारू शकतील याची एक्सेलमध्ये यादी केली होती, समोर उत्तरं लिहून. चौदा ओळी. निळा शर्ट तीनदा इस्त्री झाला होता.

भाचीने उत्तर टाइप केलं, ‘अरे, टेन्शन घेऊ नकोस, सगळं छान होईल.’ आणि पाठवण्याआधी, कोण जाणे का, मला दाखवलं. मी म्हटलं, पुस ते.

घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ म्हणणं म्हणजे भिजलेल्याला ‘भिजू नकोस’ म्हणण्यासारखं आहे. त्याला कळतं की समोरच्याला आपली भीती दिसली आहे. पण ती कमी व्हावी असं हातात काही पडत नाही. उलट ‘सगळं छान होईल’ हे वचन देणाऱ्याच्या हातात नसतं, आणि हे ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आपण डॉक्टरच्या दारात बसलेल्या नातेवाइकाला हेच वाक्य ऐकवतो आणि तोही मान हलवतो, शिष्टाचार म्हणून.

अशा वेळी माणूस नेमका कशाला घाबरतो हे आधी बघावं लागतं. २०१६ साली लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना संगणकावर दगड दाखवायचे आणि कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा हलका पण दुखणारा झटका. झटका बसणारच हे नक्की माहीत असताना लोक सर्वांत जास्त ताणाखाली असतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ताण सर्वांत जास्त निघाला तो झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा. बसणारच हे कळलं की माणूस दात-ओठ खाऊन तयार होतो. बसेल की नाही या झुल्यावर मात्र त्याचा जीव टांगणीला लागतो.

नागपूरच्या मुलाची अवस्था तीच होती. कोल्हापूरचं ते घर म्हणजे त्याच्यासाठी नुसते दगड. दार कोण उघडेल, वाकून नमस्कार करायचा की नुसते हात जोडायचे, कुठे बसायचं, किती वेळ बसायचं, गप्प बसलेला माणूस रागावलेला असतो की नुसताच गप्प, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. म्हणून तो काका की सर असलं विचारत होता. प्रश्न हास्यास्पद वाटतो खरा, पण सगळ्या अंधारात त्याला हात लावता येण्याजोगी तेवढी एकच गोष्ट होती.

आपल्या जुन्या पद्धतीत हा अंधार नव्हता. बघण्याचा कार्यक्रम म्हटला की त्यातल्या अन्यायाबद्दल हवं तेवढं बोलता येईल, आणि बोलायलाच हवं. पण त्याची संहिता पाठ असायची. पाट कुठे, पोह्यांची बशी कोण आणणार, मुलीला काय विचारणार, मुलाच्या वडिलांनी पगाराचा आकडा कितव्या घोटाला सांगायचा, सगळं ठरलेलं. प्रेमात पडून घरी भेटायला जाणाऱ्याला अशी संहिता नसते. तो पाहुणा नाही, मित्र म्हणावं तर तेवढाच नाही, जावई तर अजून नाहीच. नात्याला नाव नाही, त्यामुळे वागायचं कसं यालाही नियम नाही. आमच्या बाबतीत भर म्हणजे, या वेळी पोह्यांच्या बशीसमोर मान खाली घालून बसणार होता तो मुलगा. माझ्या पिढीतल्या बायकांना याचा जो एक छोटासा आनंद होतो तो मी लपवणार नाही.

तर भाचीने पहिला मजकूर पुसला आणि दुसरा लिहिला. या खेपेला थट्टेचा. ‘पप्पांनी आजपर्यंत तीन जणांना जिन्यावरून पळवलंय. तू चौथा. बूट धावायचे घाल.’ आणि स्वतःच खूप हसली.

हसू मलाही आलं. तरी तेही मी पुसायला लावलं.

थट्टेत नेहमी दोन गोष्टी एकत्र असतात. एक टोचा आणि दुसरी, हा टोचा खरा नाही असं सांगणारी खूण. डॅकर केल्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली थट्टेवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यात थट्टेची व्याख्या साधारण अशीच केली आहे. खूण म्हणजे ताणलेला आवाज, मिचकावलेला डोळा, मुद्दाम केलेली अतिशयोक्ती. समोरासमोर असताना ही खूण आपण न ठरवता देत असतो. फोनवरच्या मजकुरात आवाज जातो, डोळा जातो, उरतो तो टोचा.

आणि लिहिणाऱ्याला हे कळत नाही, खरी गंमत तिथे आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे मोजून दाखवलं. लोकांना ईमेलवरून काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली. आपला सूर वाचणाऱ्याला किती वेळा कळेल, असं विचारल्यावर पाठवणाऱ्यांचा अंदाज १०० पैकी ७८ होता. प्रत्यक्षात कळला ५६ वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० वेळा बरोबर आलंच असतं. कारण साधं आहे. लिहिताना आपल्या कानात आपला आवाज चालू असतो, आणि तो वाक्याबरोबर पलीकडे गेला असं आपण धरून चालतो.

त्यात वाचणारा आधीच घाबरलेला असेल तर तो ५६ मध्येही बसत नाही. ‘तीन जणांना पळवलंय’ हे वाचून त्या मुलाने पहिला प्रश्न केला असता, कोण तीन? आणि मग रात्री एक वाजता वेगळंच प्रकरण सुरू झालं असतं.

मग थट्टा करूच नये का? छे. नुसती माहिती दिली तर तो मजकूर सहलीच्या सूचनापत्रासारखा होतो आणि घाबरलेल्याला वाटतं, एवढ्या सूचना, म्हणजे प्रकरण खरंच गंभीर दिसतंय. थट्टा त्या भेटीचं वजन उतरवते. आपल्याकडे हे लग्नघरात शतकानुशतकं चालत आलंय. लग्न लागताना नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, मेहुण्या बूट लपवतात. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० साली ‘थट्टेच्या नात्यां’वर एक निबंध लिहिला, त्यातला मुद्दा आपल्या लग्नघराला अगदी चपखल बसतो. लग्नामुळे दोन परकी घरं जवळ येतात तेव्हा खटके उडण्याची भीती असते. ती दोन तऱ्हांनी आवरली जाते. काही नात्यांत कडक अदब आणि काहींत मोकळी थट्टा. सासूशी अदब, मेहुणीशी थट्टा. रॅडक्लिफ-ब्राऊन यांची उदाहरणं बहुतेक आफ्रिकेतली होती, पण आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मांडवात त्यांना हवी तेवढी मिळाली असती.

पहिल्या भेटीला जाणाऱ्याला यातलं एकही नातं मिळालेलं नसतं. त्याच्याशी थट्टा करण्याचा परवाना त्या घरात अजून कुणाकडे नाही, एकट्या तिच्याकडे आहे. म्हणून तिने तो जपून वापरायचा. मी तिला एवढंच सांगितलं: आधी त्याच्या पायाखाली जमीन घाल, मग गुदगुल्या कर. आणि गुदगुल्या करायच्या तर स्वतःला कर, पप्पांना कर, त्याच्या इस्त्रीला कर. त्याच्या बोलण्याला नको. तिच्या डोक्यात त्याच्या ‘येऊन राहिलो’वर एक फर्मास विनोद घोळत होता. तो तिने गाळला. एरवी दोघं त्यावर रोज हसतात. पण रविवारी त्या घरात तो बोलताना कुणी दुसऱ्याच कशावर हसलं, तरी त्याला वाटलं असतं की आपल्या बोलीवरच हसले. जे माणसाला एका रात्रीत बदलता येत नाही, ते अशा वेळी थट्टेबाहेर ठेवावं.

तिसऱ्या खेपेला तिने जे लिहिलं ते तिच्या परवानगीने इथे देते. फक्त नावं काढली आहेत.

‘ऐक. काका म्हण. सर म्हणालास तर पप्पा हजेरी घेतील, तीस वर्षं मास्तर होते. आईला काकू. आजीला आजीच. वाकून नमस्कार फक्त आजीला, बाकी दोघांना हात जोड, चालतंय.

दार पप्पा उघडतील. “या” म्हणतील आणि मग वीस मिनिटं काही बोलणार नाहीत. हा राग नव्हे. माझ्या दहावीच्या निकालाला “बरं” म्हणाले होते आणि संध्याकाळी गल्लीभर पेढे वाटले. टीव्हीचा आवाज बारीक केला की समज, तू पास.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसू नको. ती पप्पांची आहे. मी बसले तरी उठवतात.

जेवायला मटण आहे. पांढरा रस्सा वाटीत येईल, तो प्यायचा असतो. वाटी संपवलीस की भरलीच म्हणून समज. नको असेल तेव्हा तळाला थोडा ठेव. “पुरे” म्हणू नको, आमच्यात पुरे म्हणजे अजून एक.

आजी आडनाव विचारेल, मग गाव, मग मामाचं गाव. ती काय शोधतेय ते तुला कळेल. सरळ आहे ते सांग. आई-पप्पांना सगळं माहीत आहे, माझं त्यांच्याशी दिवाळीतच बोलणं झालंय. आजीचं मी बघते.

दोन वाजता मी म्हणेन, चल रंकाळ्यावर जाऊन येऊ. तेव्हा उठायचं. त्याआधी धीर सुटला तर पाणी माग. मी पाणी द्यायला उठेन आणि तुला आत बोलावून घेईन.

आता इस्त्री खाली ठेव. तो शर्ट आहे, प्रतिज्ञापत्र नाही. आणि ती चौदा ओळींची यादी बरोबर आण, पप्पा लाल पेनने तपासून देतील. मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चपला घालून थेट देवघरापर्यंत गेले होते, आठवतंय? तुझी आई अजून माझ्याशी बोलते.’

या मजकुरात ‘काळजी करू नकोस’ कुठेही नाही. ‘ते तुझ्यावर खूश होतील’ असंही नाही. तिला ते माहीत नव्हतं, म्हणून तिने लिहिलं नाही. जे माहीत होतं ते मात्र सगळं दिलं. पप्पा गप्प बसतील ही खरं तर वाईट बातमी. पण आधी मिळालेली वाईट बातमी निम्मी होते, आणि ‘बरं’ आणि पेढे यांच्या गोष्टीने तिला अर्थही मिळाला. तेच मौन न सांगता समोर आलं असतं तर त्या मुलाने त्यात स्वतःचे सगळे दोष वाचले असते.

सुटकेची वाट तिने ठेवली ती मला सर्वांत हुशारीची वाटली. पाणी मागण्याची खूण आणि दोन वाजताचा रंकाळा. भेट कधी संपणार हे माहीत असलं की माणूस पुष्कळ सोसतो. दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा ‘अजून दोन मिनिटं’ ऐकलं की आपण मुठी जरा सैल सोडतो.

आजीच्या परिच्छेदात एकही विनोद नाही हेही बघण्यासारखं आहे. मामाचं गाव विचारणाऱ्या माणसाला भूगोलात रस नसतो. या प्रश्नावर हसून नेण्याचा मोह होतो, कारण तो आपल्यालाच लाजवतो. पण त्याला उत्तर द्यावं लागणार असतं त्याच्यासाठी तो हसण्याचा विषय नसतो. तिथे त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. हा प्रश्न येणार आहे हे आधी कळायला हवं, आणि आला तर आपल्या बाजूने कोण उभं आहे हेही. दिवाळीत आई-पप्पांशी बोलणं झालं नसतं, तर मात्र हा परिच्छेद लिहिता आला नसता, आणि मग मी तिला त्या मुलाला रविवारी बोलावूच नको असं सांगितलं असतं. जे काम घरात बसून करायचं राहिलं आहे ते कुठल्याही गोड मजकुराने भरून निघत नाही.

आणि थट्टा शेवटी. तोपर्यंत त्याच्या हातात दार, खुर्ची, वाटी, वेळ सगळं आलेलं होतं. त्यामुळे लाल पेनचा विनोद वाचताना तो नक्की हसला असणार. यादीची थट्टाही चालली, कारण यादी करणं हा काही त्याचा कमीपणा नव्हता. कुणासाठी तरी चौदा ओळी लिहून काढाव्यात एवढं त्याला ते घर महत्त्वाचं वाटत होतं, हे त्या थट्टेत आपोआप आलं. चपलांची आठवण सर्वांत शेवटी ठेवली हेही बरं. स्वतःची फजिती आणि वर पुरावाही, की अशा फजितीनंतर माणसं बोलणं सोडत नाहीत.

रविवारी काय झालं ते मला भाचीने फोनवर सांगितलं. दार पप्पांनी उघडलं. ‘या’ म्हणाले. मुलगा खिडकीजवळची खुर्ची सोडून दिवाणाच्या कडेवर बसला. आजीने आडनाव विचारलं, गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. मामाचं गाव भंडारा जिल्ह्यात निघालं. आजीचं सोयरिकीचं सगळं जग मिरज ते कराड, तिला त्या आडनावाचं आणि गावाचं काही सूत लागेना. ‘लांब हाय म्हणायचं,’ असं म्हणून तिने तपास तात्पुरता थांबवला. तो विषय संपला असं मी म्हणणार नाही. आजी संक्रांतीला पुन्हा काढणार.

चूक झाली ती दुसरीकडेच, आणि ती भाचीची. तिने ‘वीस मिनिटं’ लिहिलं होतं. अंदाजाने. पण वाचणारा एक्सेलवाला. तो आल्यापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. वीस मिनिटं झाली, पप्पा गप्प. बावीस झाली. टीव्हीवर बातम्या तशाच मोठ्या आवाजात. चोविसाव्या मिनिटाला त्याचा चेहरा उतरला आणि त्याने ठरल्याप्रमाणे पाणी मागितलं.

भाची उठायला लागली. तेवढ्यात पप्पा म्हणाले, ‘बस तू. मी आणतो.’

आत गेले, तांब्या-भांडं घेऊन आले, त्याच्या हातात दिलं आणि परत खिडकीजवळच्या खुर्चीत बसण्याआधी विचारलं, ‘गाडीत जागा मिळाली का?’ त्या यादीत हा प्रश्न नव्हता. सातारच्या पुढे मिळाली, असं त्याने सांगितलं. मग सातारच्या आधी तो कुठे उभा होता, कंडक्टर कसा होता, महामार्गाचं काम कुठवर आलं, असं चालू झालं, आणि भाची म्हणते की दोन वाजता रंकाळ्याचं नाव काढलं तर पप्पाच म्हणाले, ऊन आहे, चारला जा.

टीव्हीचा आवाज कधी बारीक झाला हे मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही. पुढच्या महिन्यात त्याचे बाबा नागपूरहून येणार आहेत, तिला भेटायला. काल रात्री तिच्या फोनवर लांबलचक मजकूर आला. त्याने पाच परिच्छेद पाठवलेत, क्रमांक घालून. आकडे मात्र कुठेच नाहीत.